ताडोबा: सफारी कोलारा गेटची, खोली मोहर्लीला. पहाटे पोचायचं कसं?

सोनाली_प

नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एका रविवारची सकाळची सफारी मिळाली आहे. कोअर, कोलारा गेट, तिकिटावर वेळ ६:३०. आम्ही सहा जण, त्यात माझे सासरे ७२ वर्षांचे. कोलाऱ्याच्या बाजूला सगळं भरलेलं होतं म्हणून शनिवारी रात्रीसाठी मोहर्लीला खोल्या घेतल्या. मॅपवर मोहर्ली ते कोलारा सव्वा तास दाखवतंय, म्हणजे पावणेपाचला निघालो तरी सहाला पोचू असा हिशेब आहे.

प्रश्न दोन. आमची अर्टिगा आहे. तिने गेटपर्यंत जायचं आणि तिथे जिप्सी मिळते, की जिप्सी आपल्याला घ्यायला येते? आणि गेटवर किती आधी पोचायला हवं? वेबसाइटवर अर्धा तास म्हटलंय, नणंद म्हणते तासभर आधी जा.

गुरुदत्त_के

अर्टिगाचा ग्राउंड क्लिअरन्स कमी पडेल. जंगलातले रस्ते कच्चे असतात, मध्ये नालेही लागतात. कुणाची फोर बाय फोर मिळाली तर बघा. मी माझी थार घेऊन जायचा विचार करतोय, टायर प्रेशर किती ठेवावं, कुणाला अनुभव?

पळसफूल

गुरुदत्त, थार असो नाहीतर रणगाडा, गेटच्या आत ती जाणार नाही. कोअरमध्ये फक्त त्या गेटवर नोंदवलेल्या जिप्सी जातात, सोबत गाईड सक्तीचा. टायर प्रेशर हमरस्त्याला असतं तेवढंच ठेवा, कारण थार पार्किंगमध्येच उभी राहणार आहे.

सोनालीताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक महत्त्वाचं. मॅपवर दिसणारा तो सव्वा तासाचा रस्ता नीट झूम करून बघा. मोहर्ली, खातोडा, ताडोबा तलाव, कोलारा असा जातोय ना? तो सगळा कोअरच्या आतून जातो. त्या रस्त्याने तुमची गाडी जाऊ शकत नाही, पहाटे तर नाहीच नाही.

बाहेरून यायचं तर मोहर्लीहून भद्रावती किंवा चंद्रपूरकडे उतरायचं, वरोऱ्यावरून चिमूर गाठायचं आणि चिमूरहून कोलारा. म्हणजे जंगलाला अर्धा वळसा. रात्रीच्या वेळी अडीच तास तरी धरा. त्यात पहिला टप्पा मोहर्लीहून बाहेर पडतानाचा, तोही जंगलातून. त्या रस्त्यावर रात्री नाका बंद असतो का, हे खोलीवाल्याला आजच विचारा.

सोनाली_प

अरे बापरे. पण मॅप तर गाडीचा रस्ता म्हणूनच दाखवतोय, बंद वगैरे काही लिहिलेलं नाही.

वाघोबा_फॅन

पळसफूल जरा जास्तच घाबरवताहेत. तो रस्ता चांगला डांबरी आहे. आम्ही स्वतःच्या क्वालिसने मोहर्लीला गाईड घेऊन आत शिरलो, तलावावर थांबलो आणि कोलाऱ्याच्या बाजूपर्यंत जाऊन आलो. गाईड घेतला की सोडतात.

पळसफूल

क्वालिसच्या काळात सोडत होते, बरोबर आहे तुमचं. खासगी गाड्या गाईड घेऊन आत जायच्या तेव्हाची ही गोष्ट. आता ते पूर्ण बंद आहे. रस्ता डांबरी आहे हेही खरं, आणि मॅप फसतो तो त्यामुळेच. मॅपला रस्ता दिसतो, त्यावरचं फाटक दिसत नाही. दिवसभर जिप्सी फिरत असतात, त्यामुळे वाहतूक चालू आहे असंही त्याला वाटत असणार.

दरवर्षी थंडीत एखादी तरी गाडी पहाटे पाचला मोहर्लीच्या फाटकावर येऊन 'आमचं कोलाऱ्याचं बुकिंग आहे, आतून सोडा' म्हणत उभी असते. फाटकावरचा माणूस तरी काय करणार? गेट उघडायच्या आधी आत कुणालाच सोडत नाहीत, आणि उघडल्यावरही ज्याचा परवाना त्या गेटचा, तोच आत जातो.

सोनाली_प

मग मोहर्लीहूनच एखादी जिप्सी केली आणि ती आतून आम्हाला कोलाऱ्याला घेऊन गेली तर? नाहीतरी आपण सफारीच करतोय.

पळसफूल

नाही हो ताई. जिप्सी ज्या गेटची, त्याच गेटने आत जाते आणि त्याच गेटने बाहेर येते. तुमचं तिकीट कोलाऱ्याचं, म्हणजे तुमची जागा कोलाऱ्याच्या त्या फेरीच्या गाड्यांमध्ये धरलेली आहे. प्रत्येक गेटला सकाळी किती गाड्या सोडायच्या तो आकडा ठरलेला असतो. मोहर्लीला तुमच्या नावाची गाडीच नाही.

चिमूरचा_पोट्टा

सोनालीताई, मी याच भागातला. मोहर्लीच्या खोलीचे पैसे वाचवायच्या नादात सफारी घालवू नका. चिमूरला लॉज आहेत, साधे आहेत पण रात्र काढायला ठीक. चिमूरहून कोलारा वीस-पंचवीस किलोमीटर, पहाटे रस्ता मोकळा राहते पण हाणू नका. गाई-म्हशी रस्त्यातच बसून राहतात, काळी म्हैस लाइट पडेपर्यंत दिसत नाही. आणि ऊस-धानाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे लाल दिवा नसते.

अनुजा_व

मला वेगळंच विचारायचंय. मंगळवारी सकाळचं काही दिसतच नाहीये साइटवर. माझ्याकडे गडबड आहे की सगळं विकलं गेलंय?

पळसफूल

अनुजा, मंगळवारी कोअर बंद असतं. विकलं गेलेलं नाही, ती फेरीच नसते.

सोनालीताई, आता तुमचे मूळ प्रश्न. जिप्सी घ्यायला येते का? दोन्ही प्रकार असतात. तुम्ही गेटजवळच्या रिसॉर्टवर असाल आणि बुकिंग त्यांच्यामार्फत असेल, तर जिप्सी बहुधा दारात येते. तुम्ही स्वतः ऑनलाइन काढलंय आणि बाहेरून येताय, तर आपल्या गाडीने गेटवर जायचं, गाडी पार्किंगला लावायची, खिडकीवर कागद दाखवायचे. मग गाडी आणि गाईड ठरतात. कुठली जिप्सी, कुठला गाईड हे नंबराने येतं, आपण निवडायचं नसतं.

आता वेळ. ६:३० ही फाटक उघडायची वेळ आहे, तुम्ही पोचायची नाही. त्याआधी काय काय होतं ते सांगतो, म्हणजे अर्धा तास का पुरत नाही ते कळेल. खिडकीपाशी रांग असते. प्रत्येक ग्रुपचं तिकीट आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बघतात, नाव आणि नंबर ताडून. सहा जणांचे सहा कार्ड कुणाच्या पर्समध्ये, कुणाच्या बॅगेच्या तळाशी. मग प्रवेशपत्र, मग गाईड, मग जिप्सी शोधायची. अंधारात वीस-तीस सारख्याच हिरव्या गाड्या उभ्या असतात, नंबर वाचायला टॉर्च लागतो. मोबाइल ठेवून द्यायचे, ब्लँकेट घ्यायची, सासऱ्यांना चढवायचं. आणि स्वच्छतागृह. आत ठरलेल्या जागेशिवाय गाडीतून उतरता येत नाही, ही शेवटची सोय समजा. हे सगळं नीट व्हायला पाऊण तास जातो. म्हणून नणंदेचं ऐका, ५:३० ते ५:४५ ला गेटवर.

दिलीप_काका

पाऊण तास कशाला? अर्धा तास उशीर झाला तरी सोडतात, मी स्वतः गेलोय. उगीच म्हाताऱ्या माणसाला थंडीत तासभर बसवायचं.

पळसफूल

काका, सोडलं असेल तुम्हाला. पण बाहेर यायची वेळ पुढे सरकत नाही. अर्धा तास उशिरा आत गेलात तर तो अर्धा तास गेला तो गेलाच. आणि थंडीत पहिला तासच तर खरा. वाघ रात्रभर फिरून रस्त्यावरूनच परतत असतो, दव पडलेल्या गवतापेक्षा त्याला मोकळा रस्ता बरा वाटतो. ऊन तापलं की तो आडोशाला जाऊन बसला.

गाईड लोक पहिल्या दोन किलोमीटरात डोकं खाली घालून बसलेले दिसतात, ते झोपलेले नसतात. आदल्या संध्याकाळी शेवटची जिप्सी गेली तिच्या चाकांचा नक्षीचा पट्टा धुळीवर असतो. पगमार्क त्या पट्ट्याच्या वर उमटलेला असेल तर वाघ रात्री गेलाय. चाकाखाली चेपलेला असेल तर कालचा, शिळा. पहिल्या चार-पाच गाड्या गेल्या की हे वाचायला काही उरत नाही, सगळं पुसलं जातं.

दगडू_शेठ

हे पहिल्या नंबराचं खूळ मला पटत नाही. पहिल्या गाड्या सुसाट निघून जातात, वाघ मागून रस्ता ओलांडतो. आम्ही शेवटून दुसरे होतो. चितळाचा कॉल ऐकून ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि वाघीण समोर आली. पुढचे सगळे तलावावर बसून राहिले.

पळसफूल

तेही होतं, नाकारत नाही. पण मागच्या गाडीत पहिला अर्धा तास तोंडात धूळ असते, सासऱ्यांना दमा-बिमा असेल तर तेही बघा. माझं मत पुढे राहण्याच्याच बाजूने.

दगडू_शेठ

असू दे तुमचं मत. :)

मृण्मयी_जो

कागदांचं जरा सविस्तर सांगते, कारण आमचं तिथेच अडलं होतं. दुसऱ्या एका व्याघ्र प्रकल्पात, नाव नको. बुकिंग करताना भावाने सगळ्यांचे पॅन नंबर टाकले होते आणि आम्ही आधार घेऊन गेलो. आमच्या नावांवरून जमलं. पण एक चुलत बहीण ऐनवेळी आली नाही, तिच्या जागी मावशी आल्या होत्या, त्यांना सोडलं नाही. जागा रिकामी, पैसे भरलेले, तरी नाही. मावशी पाच तास गाडीत बसून राहिल्या. तिकिटावर जे नाव आहे तोच माणूस जातो.

दुसरं म्हणजे प्रिंट. फोनमध्ये पीडीएफ आहे म्हणून निवांत राहू नका. गेटजवळ नेटवर्क लागेलच असं नाही, मेल उघडत बसाल. शिवाय फोन जमा केल्यावर दाखवणार काय? दोन प्रिंट घ्या, एक सासऱ्यांच्या खिशात.

सोनाली_प

पॅनचं बरं सांगितलंत. मी आत्ता तिकीट उघडून बघितलं. पाच जणांचे आधार आहेत आणि सासऱ्यांचं मतदार ओळखपत्र. ते कार्ड गावाकडच्या घरी असायची शक्यता आहे. शोधायला सांगते. नाही मिळालं तर आधार चालेल का? नाव तेच आहे, फक्त मधलं नाव आधारवर पूर्ण आणि मतदार कार्डावर नुसतं अक्षर.

मृण्मयी_जो

आमचं चाललं होतं, पण ते खिडकीवरच्या माणसावर होतं. खात्री नको धरू. मतदार कार्ड शोधाच, आणि आधारही सोबत ठेवा.

गुरुदत्त_के

फोन जमा? मग फोटो कसे काढायचे? मी तर फोनवरच काढतो. दक्षिण आफ्रिकेत क्रूगरला मित्र स्वतःच्या भाड्याच्या गाडीने फिरला, फोनवर मॅप लावून, कुणी काही म्हणालं नाही.

पळसफूल

क्रूगर वेगळं. तिथे स्वतःची गाडी चालवत फिरायची सोय आहे, उतरायचं नाही एवढाच मुख्य नियम. इथली पद्धत ती नाही. कॅमेरा न्या, त्याला ना नाही. वाघ दिसला की एक जण फोनवर दुसऱ्या गाडीला कळवतो आणि दहा गाड्या एका वळणावर कोंबल्या जातात, हे ज्यांनी बघितलंय त्यांना फोनबंदी का आली ते सांगायला नको.

चिमूरचा_पोट्टा

अजून एक घोळ. कोलाऱ्याला दोन प्रकार आहेत. कोअरचं गेट वेगळं आणि बफरचं वेगळं. नावात दोन्हीकडे कोलारा येते. नवेगावचंही तसंच, कोअरचं नवेगाव आणि बफरचं नवेगाव-रामदेगी. ताईच्या तिकिटावर काय लिहिलंय ते शब्दाशब्दाने वाचा. मॅपवर नुसतं 'कोलारा गेट' टाकलं तर कधी रिसॉर्टवर नेते, कधी बफरच्या फाट्यावर. अंधारात पाटी वाचत फिरत बसाल.

सोनाली_प

वाचलं. 'Kolara Core' असं स्पष्ट आहे.

आता ठरवायचं आहे. मोहर्लीची खोली रद्द केली तर अर्धे पैसे जातात. पर्याय तीन दिसताहेत: शनिवारी चिमूरला मुक्काम, किंवा नागपूरलाच राहून पहाटे निघणं, किंवा मोहर्लीला राहून रात्री दोनला निघून वळसा. तिसरा माझ्या नवऱ्याला आवडलाय, 'पैसे का घालवायचे' म्हणून.

पळसफूल

तिसरा सोडा. मोहर्लीहून रात्री दोनला बाहेर पडणं म्हणजे जंगलातल्या रस्त्यावर, बिबट्या-अस्वलांच्या वेळेला, ७२ वर्षांच्या माणसाला घेऊन. आणि नाका बंद निघाला तर तिथेच खेळ संपला.

नागपूरचा हिशेब मांडून बघू. कोलारा साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर, उमरेड-भिसीवरून. दिवसा सव्वादोन-अडीच तास लागतात. पहाटे ट्रॅफिक नाही म्हणून लवकर पोचू असं वाटतं, पण जानेवारीत उमरेडच्या पुढे धुकं असतं आणि रानडुकरं, नीलगाय रस्त्यावर येतात. ताशी चाळीस-पंचेचाळीसच्या वर जाऊ नये. म्हणून अडीच तास पक्के धरा. गेटवर ५:४५ ला पोचायचं तर ३:१५ ला चाकं हलली पाहिजेत. धुक्यासाठी वीस मिनिटं ठेवलीत तर २:५५. म्हणजे अडीचच्या आधी उठणं. आणि सफारी संपल्यावर तोच नवरा गाडी चालवत परत येणार, तेव्हा त्याची झोप धरा हिशेबात.

चिमूरहून तेच ४:५० ला निघालात तरी आरामात पोचाल. दोन तास झोप जास्त. मी असतो तर चिमूर.

दिलीप_काका

किंवा गेट बदलून घ्या! मोहर्लीला खोली आहे तर मोहर्लीचं तिकीट घ्या. साइटवर फोन करा.

पळसफूल

काका, एकदा काढलेल्या तिकिटाचं गेट बदलून मिळत नाही. दुसरं तिकीट काढता येतं, पण जानेवारीतल्या रविवारची मोहर्लीची सकाळ आता शिल्लक असेल तर मी मिशी काढेन.

मृण्मयी_जो

काका म्हणताहेत त्यात एक धागा आहे मात्र. मोहर्लीची खोली पूर्ण वाया जायला नको असेल तर ती रात्र रविवारवर ढकलता येते का विचारा. सकाळी कोलाऱ्याची सफारी, मग दिवसाउजेडी बाहेरून वळसा घालून मोहर्ली, आणि सोमवारी सकाळी तिथल्या जवळच्या बफर गेटची, आगरझरी किंवा जुनोनाची सफारी मिळाली तर. दिवसा तो वळसा त्रासाचा नाही.

सोनाली_प

हे सुचलंच नव्हतं. फोन केला. खोलीवाला रविवारी द्यायला तयार आहे, जादा काही न घेता. शनिवारी चिमूरला दोन खोल्या मिळाल्या. आगरझरीचं बघते आहे.

पोट्टा, चिमूरहून निघताना वाटेत पेट्रोल मिळेल का पहाटे?

चिमूरचा_पोट्टा

पहाटेच्या भरवशावर राहू नका. शनिवारी संध्याकाळीच चिमूरला टाकी भरून घ्या. आणि मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. कोलाऱ्याच्या गावात शिरल्यावर सरळ जा, रिसॉर्टच्या पाट्या उजव्या-डाव्या हाताला येत राहतील, त्यांच्या मागे जाऊ नका. पुढे पन्नास जिप्सी दिसल्या की पोचलात.

वाघोबा_फॅन

मोठ्यांना जिप्सीत मागे बसवू नका. मागची सीट उंच असते, दृश्य छान, पण खड्ड्यात सगळा मार तिथेच लागतो.

पळसफूल

हे एकदम बरोबर. सासऱ्यांना मधल्या रांगेत, कडेला. आणि चढताना पायरी उंच असते, गेटवर ड्रायव्हरला सांगा, तो गाडी जरा उंचवट्याशी लावून देतो.

सोनाली_प

सासऱ्यांचं मतदार कार्ड सापडलं! आता एकच: आमच्यातली एक जाऊ येईल की नाही नक्की नाही, ऑफिसमुळे. ती नाही आली तर पाचच जण, त्या रिकाम्या सीटवर गेटवर कुणी अनोळखी बसवतात का?

दगडू_शेठ

आमच्या गाडीत एकदा बसवला होता एक जण.

मृण्मयी_जो

पूर्ण जिप्सी तुमच्या नावावर असेल तर बसवायचं कारण नाही. तिकीट सीटप्रमाणे काढलंय की अख्ख्या गाडीचं?

सोनाली_प

थांबा, बघून सांगते.